गाडीवर बसलेला दुसरा फटका

व्हिडिओ गेम तयार होतो तेव्हा तो आधी एका खोलीत कित्येक आठवडे खेळला जातो. खेळणाऱ्यांना त्यात गंमत वाटावी अशी अपेक्षा नसते. त्यांना टेस्टर म्हणतात आणि चुका शोधणं हेच त्यांचं काम. पात्र भिंतीतून आरपार गेलं, मेलेला माणूस उठून चालू लागला, दोन बटणं एकदम दाबली आणि पडदा काळा झाला, असं काही घडलं की ते लिहून ठेवायचं. लिहिण्याचीही ठरलेली रीत आहे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि पुन्हा केलं तर पुन्हा तसंच होतं का. यातला शेवटचा प्रश्न डोकं फिरवतो. एकदा दिसलेली आणि नंतर पन्नास वेळा प्रयत्न करूनही न दिसणारी चूक म्हणजे टेस्टरच्या मानगुटीवर बसलेलं भूत. प्रोग्रामरला सांगावं तर तो म्हणतो, करून दाखव. आणि करून दाखवता येत नाही.

अशाच एका भुताची ही गोष्ट. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीत ‘स्ट्रीट फायटर २’ हा मारामारीचा गेम पूर्ण होत आला होता. तो १९९१ साली बाजारात आला. नोरिताका फुनामिझू हे त्या चमूतले निर्माते. त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलेली हकिगत अशी की ते त्या वेळी बग तपासत होते, आणि तपासत होते तो भाग मारामारीचा नव्हताच. काही लढती जिंकल्या की या गेममध्ये मध्येच एक बक्षिसाची फेरी येते. समोर प्रतिस्पर्धी नसतो, एक मोटारगाडी उभी असते. घड्याळ संपायच्या आत लाथाबुक्क्यांनी तिचा चुराडा करायचा आणि गुण मिळवायचे. फुनामिझूंनी या फेरीचं व्हिडिओ टेपवर चित्रण केलं आणि ते पाहताना त्यांच्या लक्षात आलं की काही वेळा पहिल्या फटक्याला जोडूनच दुसराही बसतो आहे. दोन फटक्यांमध्ये जी फट असायला हवी, ती नाही.

गाडीवर हे दिसलं याचं मला नवल वाटत नाही. समोर माणूस असला की मार खाऊन तो मागे सरकतो, कोसळतो, उलटून मारतो. नजर त्याच्याकडे आणि स्वतःच्या बचावाकडे असते. गाडी बिचारी जागची हलत नाही. ती मागे सरकत नसल्यामुळे दुसरा फटका हवेत जात नाही आणि पाहणाऱ्याचं लक्ष फक्त मारणाऱ्याच्या हातापायांवर राहतं.

हे नेमकं काय घडत होतं ते समजायला पडद्यावरचा वेळ कसा मोजतात हे माहीत हवं. असे गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात. त्यातल्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग. गेमच्या आतला सगळा हिशेब याच मापाने चालतो. एक ठोसा घ्या. आधी हात मागे घेऊन पुढे येतो, मग काही फ्रेम तो लागू शकतो आणि शेवटी तो परत जागेवर येतो. परत येतानाच्या त्या काळात मारणारा दुसरं काहीही करू शकत नाही, आणि गेमचा सगळा तोल याच लंगड्या काळावर उभा असतो. जड ठोसा जोरात लागतो, पण परतायला फार वेळ घेतो. चुकला तर समोरचा तेवढ्यात तुम्हाला धरतो. हलका ठोसा पटकन परततो, पण त्याने फारसं दुखत नाही.

ज्याला ठोसा लागला तोही काही फ्रेम हेलपाटतो. तेवढा वेळ त्याला अडवता येत नाही, पळताही येत नाही. आता सोयीचे आकडे धरून हिशेब करू. हे खऱ्या गेममधले नाहीत, फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, जड ठोसा लागल्यापासून हात पूर्ण परत यायला २४ फ्रेम लागतात आणि मार खाल्लेला १८ फ्रेम हेलपाटतो. म्हणजे समोरचा ६ फ्रेम आधी सावरतो. त्याने अडवण्याचा पवित्रा घेतला की तुमचा पुढचा फटका वाया. गेम रचणाऱ्यांना हेच हवं होतं. एक फटका, मग दोघं पुन्हा समोरासमोर आणि डाव नव्याने.

यात खोट शिरली ती एका चांगल्या हेतूतून. १९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये काही खास डाव होते. त्यातला हादोकेन, म्हणजे दोन्ही तळवे पुढे करून फेकलेला निळसर ऊर्जेचा गोळा, पुढे जगभर प्रसिद्ध झाला. त्यासाठी हँडल खाली, मग तिरकं, मग पुढे असं पाव वर्तुळात फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागतं. पहिल्या गेममध्ये हे इतकं काटेकोर होतं की खास डाव निघणं म्हणजे लॉटरी लागल्यासारखंच वाटे. दुसऱ्या भागात ते जाणूनबुजून सैल केलं गेलं. हँडल आणि बटण यांचा मेळ जरासा चुकला तरी गेमने ते सांभाळून घ्यायचं.

आता सांभाळून घेणं म्हणजे काय ते बघा. हँडल पुरतं पुढे पोहोचण्याआधीच एखाद्याचं बोट बटणावर पडलं, तर गेमला वाटतं की साधा ठोसा मागितला आहे, आणि तो ठोसा सुरू करतो. पुढच्या एक-दोन फ्रेममध्ये हँडल जागेवर येतं आणि मग कळतं की याला हादोकेन हवा होता. अशा वेळी सुरू झालेला साधा ठोसा अर्ध्यावर सोडून गोळा फेकायचा, ही झाली सवलत. मात्र ठोसा मध्येच सोडता येण्याचा काळ जरा लांबला आणि तो ठोसा समोरच्याला आधीच लागलेला असला, तर? ठोसा लागतो, समोरचा हेलपाटतो, आणि मारणाऱ्याचा तो २४ फ्रेमचा परतीचा काळ पुसलाच जातो. आपल्या आकड्यांत सांगायचं तर गोळा हातातून निघायला १२ फ्रेम आणि समोरच्यापर्यंत पोहोचायला २. एकूण १४. समोरचा अजून १८ पर्यंत हेलपाटतोच आहे. त्याला काही करायची संधी मिळण्याआधीच दुसरा फटका बसलेला असतो. खेळाडू याला पुढे कॅन्सल म्हणू लागले आणि फटक्यांच्या अशा साखळीला कॉम्बो.

या हिशेबाला आणखी एका गोष्टीची साथ मिळाली. फटका जोरात लागला आहे हे जाणवावं म्हणून गेम त्या क्षणी दोन्ही पात्रांना काही फ्रेम जागच्या जागी थिजवतो. डोळ्याला ते थांबणं कळत नाही, फक्त फटक्याला वजन आल्यासारखं वाटतं. पण पडदा थिजला तरी हँडल आणि बटणं ऐकली जातच असतात, आणि हँडल फिरवायला हातांना नेमका तेवढा अवधी मिळतो. दिखाव्यासाठी ठेवलेला तो विराम चोरवाट ठरला.

फुनामिझूंपुढे आता नेहमीचा प्रश्न होता. चूक सापडली, तिचं करायचं काय? दुरुस्त करायची, की तशीच सोडायची? तेव्हाचे गेम आजच्यासारखे रात्रीतून इंटरनेटवरून दुरुस्त होत नसत. गेम चिपवर कोरला जाई, चिप बोर्डावर बसे आणि बोर्ड जगभरच्या पार्लरमध्ये रवाना होई. जे गेलं ते गेलं. म्हणूनच सोडून देण्याचा निर्णयही विचार करूनच घ्यावा लागे. फुनामिझूंनी ते ठेवलं, आणि त्यामागचं त्यांचं कारण मला फार मानवी वाटतं. त्यांना हे चांगलं आहे असं वाटलं नव्हतं. इतकी अचूक वेळ साधणं माणसाला खऱ्या लढतीत जमणार नाही, असं त्यांचं मत होतं. मग असेना का, एक लपलेली गंमत म्हणून. फार फार तर तीन-चार फटके जोडता येतील असा त्यांचा अंदाज होता, आणि पुढे आठपर्यंत जोडता आले, हेही त्यांनीच सांगितलं आहे.

त्यांचा हिशेब कुठे चुकला? दिसलं की हात हलवायचा, असं धरलं तर तो बरोबर होता. डोळ्यांनी काही पाहून बोट दाबायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे १२ फ्रेम. ठोसा लागलेला बघून मग हँडल फिरवायला घेतलं तर गाडी सुटलेली असते. पण कॉम्बो करणारा बघून करतच नाही. ठोसा लागायच्या आधीच त्याचा हात हादोकेनच्या वळणावर निघालेला असतो. लागला तर साखळी पुरी, नाही लागला तर नुसता गोळा. तबल्याचा तुकडा वाजवणारा प्रत्येक बोल ऐकून पुढचा ठरवत नाही. रियाजाने हात बसलेला असतो आणि तुकडा सलग निघतो. पार्लरमधल्या पोरांनी नाणी घालून केला तो असाच रियाज.

आपल्याकडेही हे पार्लरमध्ये पोहोचलं. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात, आणि पाठोपाठ लहान शहरांतही, एसटी स्टँडजवळ किंवा कॉलेजच्या मागच्या गल्लीत चार-पाच मशीनं असलेल्या अंधाऱ्या खोल्या होत्या. कॅपकॉमच्याच ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला त्यातल्या एका पात्रावरून सगळे सरळ ‘मुस्तफा’ म्हणत. हादोकेनचं ‘आडुगेन’ झालं होतं. स्ट्रीट फायटरमधल्या खेळाडूंत धालसिम नावाचा एक भारतीय योगीही होता. तो हातपाय रबरासारखे लांब करी आणि तोंडातून जाळ काढी. त्याला पाहून आपल्याला राग यावा की हसू, हे कुणी ठरवल्याचं मला आठवत नाही, पण त्याला घेऊन खेळणारे कमीच असत. कॉम्बो हा शब्द आम्हाला फार नंतर कळला. एवढंच ठाऊक होतं की मशीनपाशी एक ठरावीक दादा येऊन उभा राहिला की आपला रुपया गेला. तो वरून उडी मारून लाथ घाले, जमिनीवर टेकताच खालची लाथ आणि लगेच गोळा. तीन फटके, पण आपल्या हातात एकही क्षण नाही. तुम्ही हँडल मागे खेचून धरता, बटणं बडवता, आणि तुमचा माणूस हेलपाटतच राहतो. पुरेसा मार एका दमात बसला की त्याला चक्कर येते, डोक्याभोवती तारे फिरू लागतात आणि तो काही वेळ उभ्याउभ्याच निकामी होतो. मग उरलेला मार फुकटचा.

ही चीड अगदी खरी होती. फटका लागला की दोघांनाही नवी संधी, हा या गेमचा अलिखित करार होता आणि कॉम्बो तो सरळ मोडत होता. मार खाणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर ती चूकच होती. तरीही त्याच मशीनभोवती सगळ्यात जास्त गर्दी जमे, आणि ती हरणाऱ्याच्या कीव म्हणून नव्हे, त्या दादाचे हात पाहायला. तो कधी काय दाबतो, उडी किती उशिरा मारतो, लाथ छातीच्या खाली लागते की डोक्याला. उडीतली लाथ फार वर, लवकर लागली तर तुम्ही जमिनीवर येईपर्यंत समोरचा सावरलेला असतो. जितकी खाली, जितकी उशिरा, तितकी साखळी पक्की. हे कुठेही छापलेलं नव्हतं. बघून चोरायचं आणि स्वतःचा रुपया घालून जमतं का ते पाहायचं. खेळाच्या आत खेळाडूंनी स्वतः शोधलेला हा दुसराच खेळ होता, आणि त्याचा अंत लवकर येत नव्हता.

तेव्हाच्या सगळ्याच चुकांना मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं नाही. त्याच गेममध्ये गाइल नावाच्या अमेरिकी सैनिकाचं पात्र होतं. त्याच्याकडून एका विचित्र क्रमाने हँडल-बटणं दाबली गेली की समोरचा खेळाडू जणू अदृश्य बेडीने त्याला जखडला जाई. ना हल्ला, ना बचाव, नुसतं फरफटत जाणं. खेळाडूंनी त्याला बेड्याच म्हटलं. पार्लरमध्ये असं कुणी केलं तर हातघाईवर प्रसंग येई, कारण पैसे दोघांचे गेलेले असत आणि खेळ दोघांपैकी कुणाच्याच हातात राहिलेला नसे.

दोन्ही चुका कागदावर सारख्याच दिसतात. एकाला हलता येत नाही आणि दुसरा मजा करतो. माझ्या मते फरक असा की कॉम्बोला सुरुवात हवी. पहिली लाथ तुम्ही अडवलीत, तर पुढचं काहीच घडत नाही, म्हणजे मार खाणाऱ्याकडे एक संधी होती आणि ती त्याने गमावली. शिवाय साखळी मध्येच तुटू शकते. गोळा दोन फ्रेम उशिरा निघाला तर दादाच उघडा पडतो आणि त्याला शिक्षा करता येते. बेड्यांना तुटणं ठाऊक नव्हतं. एकदा लागल्या की मारणाऱ्याला काही जमवायचं नाही आणि मार खाणाऱ्याला काही सुचायचं नाही. ज्या चुकीत दोघांपैकी एकाचं तरी कसब पणाला लागतं, तिची तालीम करावीशी वाटते. बाकीच्या चुका दोनदा पाहिल्या की कंटाळा येतो.

टेस्टरला हे तपासताना कळणं अवघड असतं, कारण तो चुकीकडे चूक म्हणूनच बघतो. त्याच्या तक्त्यात ‘काय व्हायला हवं होतं’ असा रकाना असतो, आणि त्यात रचनाकाराने योजलेलंच लिहायचं असतं. खेळणाऱ्याला काय आवडेल हा रकाना तिथे नसतो. फुनामिझूंचं वेगळेपण एवढंच की त्यांनी रकाना भरून वरिष्ठांकडे सरकवला नाही, टेप पुन्हा लावून पाहिली. जोडून बसणारा फटका त्यांना चुकीचा वाटला असेल, पण बघावासाही वाटला असणार. नाहीतर तो पुसून टाकण्याची बुद्धी आधी व्हायला हवी होती.

कंपनीने हे मान्य करायला दोन वर्षं घेतली. मधल्या आवृत्त्यांमध्ये पात्रांची ताकद बदलली, वेग वाढला, काही साखळ्या सोप्या झाल्या, काही तुटल्या. १९९३ साली आलेल्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’मध्ये मात्र पडद्याच्या कडेला पहिल्यांदाच अक्षरं झळकली: किती फटके जोडून बसले त्याचा आकडा आणि त्यापुढे ‘COMBO’. त्याचे जादा गुणही मिळू लागले. ज्याची नोंद बग म्हणून व्हायची, तिचा हिशेब आता गेम स्वतःच ठेवत होता. पुढच्या वर्षीच्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये मारामारी करता करता भरत जाणारी एक पट्टी आली. ती पूर्ण भरली की एक जोरदार डाव सोडता येई आणि त्याचं नावच सुपर कॉम्बो होतं.

गळती कुठे लागेल याची चिंता मग रचनाकारांकडे आली. साखळी कधी संपलीच नाही तर काय? एकदा सापडलेला खेळाडू राउंड संपेपर्यंत सुटलाच नाही तर पैसे मोजून कोण खेळणार? या जातीच्या नंतरच्या गेममध्ये म्हणून साखळी लांबत जाते तसा प्रत्येक पुढच्या फटक्याचा मार घटत जातो. दहावा फटका दिसायला पहिल्याइतकाच दणदणीत असतो, पण त्याने फारसं काही जात नाही. काही गेममध्ये मार खाणारा प्रत्येक फटक्यासरशी आणखी दूर ढकलला जातो, म्हणजे हात आपोआपच पोहोचेनासा होतो. जमेल तिथे जमू द्यायचं आणि अखेर थांबवायचं, असा हा तोल.

‘स्ट्रीट फायटर ४’ २००९ साली घरच्या कन्सोलवर आला तेव्हा त्यात एक स्वतंत्र विभाग होता. तिथे प्रत्येक पात्रासाठी ठरलेल्या साखळ्यांची यादी दिसते आणि ती एकामागून एक पुरी करून दाखवायची. समोरचा पुतळ्यासारखा उभा राहून मार खातो, अगदी त्या गाडीसारखा. हा विभाग तपासणारा टेस्टरही तेच करतो. यादीतली साखळी लावतो, दुसरा फटका पहिल्याला जोडून बसतो का ते पाहतो, आणि मध्ये एका फ्रेमची जरी फट राहिली तरी तो तक्ता उघडतो. ‘काय व्हायला हवं होतं’ या रकान्यात लिहितो, फटके जोडून बसायला हवेत. ‘प्रत्यक्षात काय झालं’ या रकान्यात, बसले नाहीत.